आईच्या नावावरचा डाव

त्या बुधवारी सकाळी आई शेंगा निवडत बसली होती. फेब्रुवारीचे दिवस, ऊन नुकतंच चटका द्यायला लागलेलं. शेळगीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत तिने बसकर टाकलं होतं आणि सूप मांडीवर घेतलं होतं. तिच्यासमोर खुर्चीत अप्पा, हातात फोन. मी आत माझा डबा भरत होते.

"अहो, ताट वाढलंय."

"एवढा डाव होऊ दे."

"तुमचा डाव व्हायची वाट बघून भाकरी वाळली. आता दुकानात नेऊन ठेवते, सोलापूरची कडक भाकरी म्हणून खपंल तरी."

अप्पांनी मान वर केली नाही. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "नंदा, बघ की तुझ्या अप्पांकडं. गाडी कवाच गेली, हे अजून झेंडा धरून उभे हायत."

अप्पा रेल्वेत गार्ड होते. मालगाडी घेऊन वाडीला किंवा दौंडला जायचे, तिथल्या रनिंग रूममध्ये विश्रांती घ्यायचे आणि परतीची गाडी घेऊन यायचे. त्या विश्रांतीत पत्ते व्हायचे. काडेपेटीतल्या काड्या लावून रमी. जिंकलेल्या काड्या अप्पा कधीकधी खिशात तशाच घेऊन घरी यायचे आणि आई त्यांनी चूल पेटवायची. निवृत्त झाल्यावर फोनवर पत्ते आले तेव्हा आम्हाला वाटलं, काड्यांऐवजी आता बोटं.

"डोकं चालतं ठेवावं लागतं ह्या वयात," अप्पा म्हणाले. "डॉक्टर सांगतात."

"डोकं चालवा, पण पोटाला घालून. साकु माड्री, पुरे करा आता." आईचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. देवाशी बोलताना आणि नवऱ्याला दटावताना तिला कानडीच लागायची.

मी चपला घातल्या. येताना कढीपत्ता आण, म्हणाली. संध्याकाळी मी आणला. तिने तो निवडून डब्यात भरला, टीव्हीवर बातम्या बघितल्या, गुडघ्याला तेल लावलं आणि झोपली. गुरुवारी पहाटे ती उठली नाही. झोपेतच हृदय थांबलं असावं, असं डॉक्टर म्हणाले. आमच्या लिंगायतांत पुरतात, बसवून. कपाळभर विभूती लावलेला तिचा चेहरा मी बघितला, तेव्हा ती कुणाचं तरी बोलणं नीट ऐकून घेत बसली आहे असं वाटलं.

त्यानंतर घर कसं चाललं ते फारसं सांगण्यासारखं नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, लग्न केलेलं नाही, त्यामुळे घरात आम्ही दोघंच उरलो. कागदपत्रांचं सगळं मी केलं. दाखले काढले, रेशनकार्डावरून नाव कमी केलं. जिथे लिहायचं तिथे 'मयत' असं लिहिलं. पण ते तोंडाने म्हणणं माझ्याकडून होत नव्हतं. साडीवाल्याचा फोन आला, "गिरिजाबाई हायत का?" मी म्हटलं, "आत्ता नाहीत." भेटायला येणाऱ्यांना चंद्रव्वा मावशी दारातच सगळं सांगायची, मी शेजारी मान हलवायची. मावशी गावी परत गेली तेव्हा मी लोकांना चहा विचारायला लागले.

अप्पांनी एकच हट्ट धरला. आईचा मोबाइल नंबर बंद करायचा नाही. दर महिन्याला ते स्वतः त्याचं रिचार्ज करायचे. फोन उशाशी ठेवून झोपायचे, अंगणात गेले तरी खिशात तिचाच फोन. मला वाटलं, नवऱ्याची माया. मी पुस्तकांत वाचलेल्या माणसांसारखं त्यांच्याकडे बघत होते.

बाकीचंही मी तसंच वाचलं. जेवताना घास हातात तसाच राहायचा. चार्जर सापडला नाही की ते एवढे चिडायचे की शेजारच्यांना ऐकू जावं. पेन्शनवाले मित्र रोज संध्याकाळी बोलवायला यायचे, मग ते यायचे थांबले. न्हाणीघरात तासभर. विचारलं तर उत्तर तयार: पोट साफ नाही. एके दिवशी एकदम खुशीत, माझ्यासाठी हुग्गीच्या खिरीसाठीच्या गव्हापासून साबणापर्यंत बाजार आणला. दुसऱ्या दिवशी रिक्षाला पैसे नाहीत म्हणून माझ्याकडे मागितले. दुःख माणसाला असंच वरखाली करतं, असं मी स्वतःला समजावलं.

जुलैमध्ये मी आईचं बँकखातं बंद केलं. अप्पा वारसदार म्हणून नोंदलेले होते, त्यामुळे दाखला आणि फॉर्म एवढ्यावर काम झालं. फॉर्मवर त्यांचीच सही लागते. मी पान उलटून बोट ठेवलं, त्यांनी न वाचता सही केली. दुसऱ्या हातात फोन होता.

ऑगस्टमध्ये दिल्लीत कायदा झाला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ देशभर बंद झाले. मी पेपरात वाचलं, पान उलटलं. त्याच आठवड्यात अप्पा आजारी पडल्यासारखे झाले. ताप नाही, खोकला नाही. पण हात स्वस्थ नाहीत, बोटं मांडीवर काहीतरी सरकवल्यासारखी फिरायची. झोप नाही. उठून पाणी प्यायचे, पुन्हा बसायचे. मी डॉक्टरकडे चला म्हटलं तर अंगावर ओरडले.

दोन दिवसांनी मी ग्रंथालयातून घरी आले तर ते दारातच उभे.

"आईचं खातं तू बंद केलंस?"

"जुलैतच. तुम्ही सही केली की."

"कुणाला विचारून?"

"अप्पा, तुमचीच सही आहे."

ते खाटेवर बसले. मग म्हणाले, "पैसे निघालेत. पण उतरायला जागा न्हाय, म्हणून परत गेलेत."

मला काहीच कळलं नाही. त्यांनी आईचा फोन माझ्या हातात दिला. पडद्यावर पत्त्यांचं चित्र, त्यावर आडवी पट्टी: कायद्यामुळे खेळ बंद केला आहे, आपली शिल्लक काढून घ्यावी. वरच्या कोपऱ्यात खेळाडूचं नाव होतं, गिरिजा.

मी फोन घेतला आणि दुसऱ्या दिवशी समराकडे गेले.

समरा माझी शाळेपासूनची मैत्रीण, सात रस्त्याजवळ एका सहकारी बँकेत अधिकारी आहे. जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिच्या टेबलाशी बसलो. तिने डबा उघडला, फोन बघितला आणि डबा पुन्हा बंद केला.

"हे कवापासून?"

"माहीत नाही. मी समजत होते, नुसते पत्ते."

"नुसत्या पत्त्यांना पॅन कार्ड लागत नाही, नंदे. हे बघ." ती बोटाने दाखवत गेली. "फुकटच्या खेळात नाणी मिळतात, ती बाहेर काढता येत नाहीत. इथे 'पैसे भरा' आहे, 'पैसे काढा' आहे, पॅन आहे, बँकखातं जोडलेलं आहे. एवढं दिसलं की समजायचं, हा पैशाचा खेळ. खेळाचं नाव काय का असेना."

"पण आईच्या नावावर?"

"त्यांचं स्वतःचं खातं असणारच. ह्या कंपन्या एका माणसाला एकच खातं देतात. महिन्याला किती पैसे भरायचे त्याची मर्यादा असते. मर्यादा संपली की लोक बायकोचं पॅन घेतात, आधार घेतात. ओटीपी बायकोच्या फोनवर, सेल्फी बायकोची. खेळणारा हाच."

मला रिचार्ज आठवलं. मी पाणी प्यायले.

समराने हिशेबाचं पान उघडलं होतं. "बघू नको म्हटलं तरी बघशील, म्हणून मीच दाखवते. वर जो आकडा आहे तो सगळा त्यांचा नाही. त्यात बोनस आहे, तो काढता येत नाही. काढता येतो तो हा खालचा." खालचा आकडा निम्म्याहून कमी होता, तरीही माझ्या काही महिन्यांच्या पगाराएवढा. "आणि हे बघ, काढण्याची विनंती, रद्द. विनंती, रद्द. विनंती, रद्द."

"कंपनीने रद्द केली?"

"अप्पांनी. पैसे खात्यात यायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात विनंती मागे घेता येते. माणूस जिंकतो, शहाणपण सुचतं, काढायला टाकतो. मग रात्री हात शिवशिवतात, मागे घेतो, पुन्हा लावतो. मी बँकेत बघते ना, लोक इथे येऊन विचारतात पैसे कुठे गेले. ही खूण सगळ्यात वाईट. हरलेलं भरून काढायला खेळणं, आणि जिंकलेलं हातात न घेणं."

शेवटची विनंती रद्द नव्हती. खेळच बंद झालेला, मागे घेऊन करणार काय. तीच एक बँकेपर्यंत पोचली होती आणि खातं बंद म्हणून परत फिरली होती.

"अप्पा सकाळी म्हणाले, तीस टक्के कर कापतात म्हणून काढत नव्हतो."

समरा हसली, पण आवाज न करता. "कर निव्वळ जिंकलेल्यावर लागतो. भरलेलं जास्त आणि काढलेलं कमी, तर कापायला आहे काय? तसं सांगू नको त्यांना. एकदम सांगू नको."

"मग आता अप्पांचं खातं जोडता येईल?"

"येणार नाही. ज्याच्या नावावर खेळ, त्याच्याच नावावर बँकखातं. ते आधी एक रुपया टाकून खात्यावरचं नाव बघतात. जुळलं नाही की नाकारतात." तिने पुन्हा डबा उघडला, भाजी बघितली, झाकण लावलं. "खरं सांगून अर्ज कर. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद. वेळ लागेल. आणि तुझी आई, माझी खालाजान, गेल्यानंतरही त्या खात्यावर कोणीतरी खेळत होतं हे त्यांना तारखेवरून दिसेल. अडवतील, न अडवतील, मी सांगू शकत नाही. पण दुसरा रस्ता नाही, समजलं? कोणी म्हटलं की आधी कर भरा मग पैसे सोडतो, तर ते चोर. खरा कर त्यातूनच कापतात, कोणी आधी मागत नाही."

निघताना तिने माझ्या फोनमध्ये एक नंबर टाकला, सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेचा, १४४१६. "मराठीत बोलतात. आणि सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. अप्पांना रागावून नेऊ नको. दारू सुटताना जसं होतं तसं त्यांना आता होत असणार."

घरी आल्यावर मी अप्पांच्या शेजारी खाटेवर बसले. रागावायचं नाही असं ठरवलं होतं, पण कसं बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"पैसे भरायला कुठून आणले?" मी विचारलं.

ते नखं बघत होते. "पेन्शन. मग सोसायटीचं कर्ज. मग…" ते थांबले. "पाटल्या."

आईच्या पाटल्या. लॉकरमध्ये ठेवतो म्हणून ते मार्चमध्ये घेऊन गेले होते. सोन्यावर कर्ज काढून त्या बँकेच्या तिजोरीत पडल्या होत्या, आणि मुदत दिवाळीच्या आधी संपत होती. सोडवल्या नाहीत तर लिलाव.

"ती असताना मी एवढा नव्हतो ग लागलेला," अप्पा म्हणाले. "ती उठवायची. जेवायला उठवायची, चहाला उठवायची. शिव्या घालायची. मग उठवायलाच कुणी न्हाय. त्या टेबलावर बसलं की तिचं नाव दिसायचं. गिरिजा, असं. समोरचे म्हणायचे, वा गिरिजाजी. आपलं बरं वाटायचं."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, पण तो मला अवघडल्यासारखा वाटला म्हणून काढून घेतला.

तेवढ्यात आईचा फोन वाजला. व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी माणसाचा संदेश. आपला खेळ चालूच आहे, खालची फाइल उतरवून घ्या, पहिल्या भरण्यावर दुप्पट. पैसे पाठवायला कुणा 'वर्मा जनरल स्टोअर्स'चा क्यूआर कोड.

"हा काल दुसऱ्याच नावाचा होता," अप्पा म्हणाले.

"म्हणजे तुम्ही काल बघितला होता."

"बघितला. भरले न्हाय."

"का?"

"शिल्लक न्हाय की."

ते इतकं सरळपणे म्हणाले की मला हसू आलं, आणि तेही हसले. आई असती तर म्हणाली असती, निदान खरं तरी बोलताय. मी तो नंबर ब्लॉक केला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नंबरवरून तोच संदेश आला.

ओपीडीला जायला ते तयार झाले, पण एका अटीवर. आधी पाटल्या सुटायला पाहिजेत. त्यांनी माझ्या नकळत कंपनीच्या मदत विभागाला लिहिलं होतं, बँक बदलायची आहे म्हणून, आणि उत्तरही आलं होतं. बँकखातं बदलताना ओळख पुन्हा तपासली जाईल. खातेदाराने व्हिडिओ कॉलवर यावं, मूळ पॅन कार्ड हातात धरावं, प्रश्नांची उत्तरं द्यावीत. शुक्रवारी सकाळची वेळ.

"खातेदार," मी म्हटलं.

अप्पांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. नीट, बऱ्याच दिवसांनी.

"तू तिच्यासारखीच दिसतीस," ते म्हणाले. "चष्मा लावलास की झालं. फोटो जुना हाय, बारीक हाय. आधी हे पास होऊ दे, मग तिच्या नावाचं नवं बँकखातं बी असंच काढता येतंय का बघू. चंद्रव्वा बी फसंल."

"अप्पा, तो गुन्हा आहे."

"कुणाचे पैसे हायत ते? चोरीचे हायत का? माझेच हायत." मग आवाज खाली आला. "तिच्या पाटल्या हायत, नंदा. तिच्या आईनं घातलेल्या. एकदाच. मग हा फोन विहिरीत टाक."

मी नाही म्हटलं नाही. हो सुद्धा म्हटलं नाही. मी दोन दिवस ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक लावत बसले. खरं सांगून अर्ज केला तर पैसे अडकतील, कदाचित बुडतील, आणि दिवाळीच्या आत पाटल्या जातील. खोटं बोलून बसले तर कदाचित सुटतील. माझ्या पगारातून सोडवता आल्या असत्या तर सोडवल्या असत्या. ते गणित मी करून बघितलं होतं.

शुक्रवारी आंघोळ करून आले तर माझ्या खाटेवर आईची हिरवी इरकल घडी करून ठेवलेली होती. वर तिचा चष्मा. शेजारी विभूतीचा गोळा, वाटीत पाणी. अप्पांनी पॅन कार्ड रुमालाने पुसून ठेवलं होतं.

मी साडी नेसले. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. कदाचित मला बघायचं होतं की कशी दिसते. इरकलीला कपाटाचा वास होता. मी आईसारखा पदर डोक्यावरून घेतला, कपाळावर तीन बोटं ओढली, आणि बाहेर आले.

अप्पा खुर्चीवरून उठून उभे राहिले.

मग म्हणाले, "बस हितं. उजेडाकडं तोंड कर." फोन त्यांनी पाण्याच्या तांब्याला टेकवून स्टुलावर ठेवला. "मागच्या वेळी सेल्फीत डोळे मिचकाव म्हणून येत होतं. मी म्हटलं मिचकाव, तर हिनं एकच डोळा मिचकावला. मी म्हटलं अगं दोन्ही. तर म्हणते, 'ह्या वयात दोन्ही मिचकावले तर लोक आंधळी म्हणतील.'" ते हसले. "तिला वाटलं रेशनचं काम हाय."

"तुम्ही तसं सांगितलं होतं?"

"ती विचारत नव्हती काही. ती कुठं विचारायची."

आईच्या चष्म्यातून मला समोरचं सगळं पुसट दिसत होतं. अप्पांनी जन्मतारीख विचारली, मी सांगितली. नवऱ्याचं नाव. चनबसप्पा. पत्ता. ते शाळेत तयारी करून घेणाऱ्या मास्तरांसारखे मान हलवत होते. हात स्थिर होते. ऑगस्टपासून पहिल्यांदा त्यांचे हात स्थिर होते, आणि मला ते दिसलं.

"पैसे आले की आधी पाटल्या," मी म्हटलं.

"आधी पाटल्या. म्हणजे निम्मे तिकडं भरू, मुदत वाढवून देतात ते."

"आणि निम्मे?"

"असू देत की."

"कुठे?"

ते फोनकडे बघत होते. फोन अजून काळाच होता. "असू देत ग. लागतात. काही नवीन आलंय म्हणतात ते व्हॉट्सअ‍ॅपवाले, तिथं निदान भरलेलं तरी…" त्यांचं वाक्य तिथेच राहिलं. आपण काय बोललो हे त्यांना ऐकू आलं असावं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. साडीच्या काठाला चिकटलेला एक धागा त्यांनी ओढून काढला आणि बोटाला गुंडाळत बसले.

मी उठू शकले असते. साडी बदलून, फोन बंद करून स्वयंपाकघरात गेले असते, तर तो दिवस तसाच गेला असता. दुसरी वेळ मागितली असती त्यांनी. पुन्हा कपाटातून इरकल निघाली असती. हे खातं असेपर्यंत ते तिला रिचार्ज करत राहणार होते, आणि मी साडीवाल्याला आत्ता नाहीत म्हणत राहणार होते.

फोन वाजला. अप्पांनी हिरवं बटण सरकवलं आणि चौकटीबाहेर, भिंतीला लागून उभे राहिले.

पडद्यावर एक तरुण मुलगी, कानात हेडफोन, मागे पांढरी भिंत. तिने हिंदीत नमस्कार केला, मग माझा पदर बघून मराठीत आली.

"नमस्कार मॅडम. हा कॉल रेकॉर्ड होतोय. चालेल ना?"

"चालेल."

"तुमचं पॅन कार्ड कॅमेऱ्यासमोर धरा. थोडं वर. हां. आता तुमचा चेहरा नीट दिसू द्या, चष्मा काढा एकदा."

मी चष्मा काढला. सगळं स्पष्ट झालं: ती मुलगी, तिच्या टेबलावरची पाण्याची बाटली, आणि कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत इरकलीचा पदर घेतलेली बाई. अप्पांची सावली भिंतीवर होती. ती हलत नव्हती.

"मॅडम, तुमचं पूर्ण नाव सांगा."

अप्पांनी ओठ हलवून मला नाव दिलं. आवाज न करता. गिरिजा.

मी त्यांच्याकडे वळले. मुलगी म्हणाली, "मॅडम, कॅमेऱ्याकडे बघा, प्लीज." मी तिच्याकडे नाही, त्यांच्याकडेच बघत होते.

"माझं नाव महानंदा," मी म्हटलं. "गिरिजाबाई माझी आई. ती वारली. फेब्रुवारीत, झोपेत. अप्पा, आई वारली."